विनिमय सत्र, परदेशी (सोलापूर)

मूळ महाविद्यालयात प्रवेश कायम ठेवून एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकायचे आणि तिथली क्रेडिट इथल्याच पदवीत जमा करून घ्यायची, या व्यवस्थेला विनिमय सत्र म्हणतात. विद्यार्थी त्याला एक्स्चेंज सेमिस्टर म्हणतात. पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. दोन संस्थांमध्ये करार असेल तर फी इथे भरायची आणि तिथली माफ होते. करार नसताना स्वतःच्या ओळखीवर गेलेल्याला तिथली फी भरावी लागू शकते, त्यामुळे पहिली चौकशी कराराचीच करावी.

सोलापुरात दुसरा प्रश्न असतो क्रेडिट मान्य कोण करणार हा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची (स्थापना 2004) हद्द एका जिल्ह्यापुरती असून महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. स्वायत्त महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद असते. तिथे हा निर्णय आवारातच होतो. स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची मान्यता लागते. प्राचार्यांचे ‘जाऊन ये, बघू’ हे तोंडी आश्वासन गुणपत्रिकेवर उमटत नाही. निघण्यापूर्वी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा याचा तक्ता, दोन्हीकडच्या सह्यांनिशी हातात हवा.

या तक्त्याचे गणित वर्षाच्या एकूण क्रेडिटवर चालते. युरोपात वर्षाला 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला 40 क्रेडिट आणि 1200 तास आहेत. वर्षाच्या 60 ला 40 या प्रमाणात तिथली तीन क्रेडिट म्हणजे इथली साधारण दोन, आणि तिथल्या पूर्ण सत्राची 30 म्हणजे इथली 20.

समजा, यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीच्या पाचव्या सत्राला 22 क्रेडिट आहेत: चार-चार क्रेडिटचे चार विषय, तीनचा एक ऐच्छिक विषय आणि तीनचे प्रात्यक्षिक. जर्मनीत ती पाच-पाच क्रेडिटचे सहा विषय घेते. विषयास विषय लावत गेले तर चार क्रेडिटच्या प्रत्येक विषयापाशी अडते, कारण तिथले 5 म्हणजे इथले 3.33 आणि इथे हवेत 4. म्हणून तुलना सत्राच्या बेरजेवर मान्य करून घ्यावी. उरलेली दोन क्रेडिट ‘स्वयम्’वरच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून भरता येतात, पण त्यालाही आधी परवानगी हवी. तिथे एखादा विषय नापास झाला तर इथला कोणता विषय बाकी राहील, हेही तक्त्यातच लिहून घ्यावे. बहुतेक जण नेमकी हीच ओळ विसरतात.

क्रेडिट जुळली तरी दिनदर्शिका जुळत नाही. जर्मनीतले हिवाळी वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्या शेवटी असतात. सोलापुरात सहावे सत्र जानेवारीत सुरू झाले, तर सहा-सात आठवड्यांची हजेरी बुडते आणि 75 टक्क्यांची अट आडवी येते. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै असल्याने इथल्या मे महिन्यातील परीक्षेवरच येते. ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपणारी फिनलंड किंवा अमेरिकेतील सत्रे आपल्या वेळापत्रकाला जास्त सोयीची. जर्मनीच हवी असेल तर हजेरीची सवलत लेखी घ्यावी, किंवा अंतिम वर्षाच्या प्रकल्प-सत्रात जावे. माझ्या मते दुसरा मार्ग बरा, कारण प्रकल्पाला रोजची हजेरी आणि ठरावीक पेपर यांचा जाच कमी असतो.

खर्चासाठी सोयीचा म्हणून युरो 100 रुपयांचा धरू. जर्मन व्हिसासाठी महिना 992 युरो दाखवावे लागतात (2024 अखेरचा दर). पाच महिन्यांचे 4,960 युरो, म्हणजे जवळपास पाच लाख रुपये झाले. सत्रशुल्क अंदाजे 300 युरो, व्हिसा 75 युरो आणि मुंबईहून जाण्या-येण्याचे तिकीट धरून 80 हजारांपर्यंत प्रवास. एकूण सव्वासहा लाखांच्या आसपास, शिवाय इथली नेहमीची फी. याच्या तुलनेत, तिथेच केलेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी फी नसली तरी 24 महिन्यांचे 23,808 युरो आणि चार सत्रांची शुल्के मिळून रक्कम 25 लाखांवर जाते. महिन्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, फरक पडतो तो मुदतीमुळे. व्हिसाची रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकते आणि तिथे पोहोचल्यावर महिन्या-महिन्याने सुटते. त्यामुळे घरात पैसा टप्प्याटप्प्याने येत असला, तरी व्हिसासाठी तो एकदम उभा करावा लागतो.

पूर्ण पदवीकडे एक गोष्ट मात्र आहे जी विनिमय सत्राकडे नाही. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला नोकरी शोधण्यासाठी 18 महिने राहता येते. विनिमयाच्या विद्यार्थ्याला हा हक्क मिळत नाही. ज्याला तिथेच नोकरी करायची आहे त्याने सव्वासहा लाख आधी खर्च करून मग पुन्हा 25 लाख उभे करणे परवडणारे नाही. तिथली भाषा, थंडी आणि शिकवण्याची पद्धत आपल्याला झेपते का, हे पाहायचे असेल तर मात्र एक सत्र पुरते. शिष्यवृत्तीचा कल पूर्ण पदवीकडे आहे: अनुसूचित जातींसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे.

परतल्यावर अडते ते गुणपत्रकापाशी. तिथला ट्रान्सक्रिप्ट यायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर इथला निकाल राखून ठेवला जातो आणि कॅम्पस मुलाखतींच्या यादीत नाव येत नाही. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 काठावर पास असल्याने, गुणांचे रूपांतर कोणत्या सूत्राने करायचे हेही लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्येच नोंदवून घ्यावे. नाहीतर 1.3 मिळवलेली विद्यार्थिनी परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे आपला आकडा चांगला आहे, हे समजावत उभी राहते.