दोनदा आलेलं वर्तुळ : फॉल्ट ट्रीची कुळकथा

पीथमपूर किंवा देवासच्या एखाद्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी चालू आहे, असं धरा. भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून सतत थंड पाणी फिरावं लागतं. आत वितळलेलं लोखंड असताना पाणी थांबलं, तर कॉइल तापते, भोक पडतं, आणि पाणी त्या रसाला भिडलं की वाफेचा स्फोट होतो. म्हणून पंप दोन असतात, एक चालता आणि एक स्टँडबाय. मेंटेनन्सचा माणूस कागदाच्या माथ्यावर चौकटीत लिहितो, ‘कॉइलला पाणी न मिळणे’, आणि खाली उतरत जातो. हे कधी घडेल? चालता पंप बंद पडला आणि स्टँडबायही उठला नाही, तर. इथे तो सपाट तळाचा, गोल माथ्याचा अँड गेट काढतो. पंप का बंद पडेल? पंप स्वतः बिघडला किंवा त्याची वीज गेली, तर. इथे तळाशी आत वळलेला, माथ्याला टोक असलेला ऑर गेट येतो. जिथे आणखी खाली जायची गरज उरत नाही तिथे वर्तुळ काढायचं आणि त्यात शक्यतेचा आकडा लिहायचा. ते वर्तुळ म्हणजे बेसिक इव्हेंट, माथ्यावरची चौकट म्हणजे टॉप इव्हेंट, आणि सगळं मिळून फॉल्ट ट्री. मुळं वर आणि पानं खाली वाटावीत अशी ही आकृती.

आज कुठल्याही वाहन-कारखान्याच्या ऑडिटमध्ये सहज दिसणाऱ्या या आकृतीचा जन्म अण्वस्त्रांच्या धास्तीतून झाला. अमेरिकेची ‘मिनिटमॅन’ क्षेपणास्त्रं जमिनीखालच्या कोठारांत सज्ज ठेवली जाणार होती. आज्ञा मिळताच ती सुटली पाहिजेत, याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी धाकधूक वेगळी होती. कुणीच आज्ञा दिलेली नसताना एखादं सुटलं तर? प्रत्यक्ष चाचणी घेऊन याचं उत्तर मिळवता येत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या कामावर असलेल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये एच. ए. वॉटसन यांनी 1961-62 च्या सुमारास प्रश्न उलटा केला. कोणता भाग बिघडला तर काय होईल, असं खालून वर विचारायचं नाही. नको असलेली घटना घडलीच आहे असं धरायचं आणि ती कशाकशाने घडू शकते, हे वरून खाली शोधत जायचं. बोइंगचे डेव्ह हासल यांनी 1963 मध्ये या पद्धतीचं मोल ओळखलं आणि मग बोइंगने ती पूर्ण मिनिटमॅन यंत्रणेला लावली. जून 1965 मध्ये सिएटलला सुरक्षाशास्त्राची परिषद भरली, तिथे यावरचे पहिले निबंध वाचले गेले.

टेलिफोनच्या कंपनीतून ही गोष्ट निघाली हा योगायोग वाटत नाही. एक्स्चेंज म्हणजे हजारो रिले. कोणती जोडणी मिटली म्हणजे कोणती घंटी वाजेल, हा तिथला रोजचा हिशेब. तो बीजगणिताने करता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं. तो 1938 मध्ये छापून आला आणि पुढे शॅनन बेल लॅब्जमध्येच रुजू झाले. एकामागे एक जोडलेले स्विच म्हणजे ‘आणि’, शेजारी शेजारी जोडलेले म्हणजे ‘किंवा’. वॉटसन यांनी सर्किटच्या नकाशात करंटच्या जागी बिघाड वाहवला, एवढंच म्हणायचं.

शॅनन यांनी ज्या बीजगणिताचा आधार घेतला ते जॉर्ज बूल यांचं. इंग्लंडमधल्या लिंकनच्या चांभाराचा हा मुलगा बव्हंशी स्वतःच शिकला आणि आयर्लंडमध्ये कॉर्कला प्राध्यापक झाला. 1854 मध्ये त्याचं विचारांच्या नियमांवरचं पुस्तक आलं. त्याचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्याकडे मदुराईला जन्मला. त्याच्या नावाचे नियम लावले की फॉल्ट ट्रीतले ‘आणि’ आणि ‘किंवा’ अदलाबदल होऊन तीच आकृती ‘यंत्र चालू राहण्यासाठी काय काय लागतं’ हे सांगू लागते. पण या कुळातलं खरं वतन बूलच्या एका समीकरणात आहे :

क × क = क

शाळेतल्या बीजगणितात हे 0 आणि 1 या दोनच संख्यांना लागू पडतं. बूलला नेमकं तेच हवं होतं. ‘काळ्या’ गाईंतून पुन्हा ‘काळ्या’ निवडल्या तर त्याच गाई हाती येतात. बूलच्या त्या पुस्तकाचा उत्तरार्ध संभाव्यतेवर आहे, म्हणजे तर्क आणि शक्यता दोन्ही एकाच जिल्दीत. फॉल्ट ट्री या दोहोंना पुन्हा एकत्र आणते, पण क्रम पाळावा लागतो. आधी तर्क आवरायचा, मग आकडे घालायचे. क्रम उलटला की काय होतं, ते भट्टीच्या पाण्यावरच पाहू.

आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. चालता पंप, त्याला ‘अ’ म्हणू, महिन्याभरात बंद पडण्याची शक्यता 0.05. स्टँडबाय पंप ‘ब’ गरजेच्या वेळी न उठण्याची 0.1. हा आकडा कसा आला तेही सांगतो, कारण तो बहुतेक वेळा अंदाजपंचे ठोकला जातो. उभा असलेला पंप सरासरी 30 महिन्यांत एकदा मुकाट्याने बिघडतो असं धरा. गंज चढतो, ग्लँड पॅकिंग वाळतं, बेअरिंग जाम होतं. सहा महिन्यांतून एकदाच तो चालवून पाहिला जात असेल, तर बिघाड सरासरी तीन महिने कुणाला कळत नाही. 3 भागिले 30, म्हणजे 0.1. आणि पंपांच्या पॅनेलची वीज जाण्याची शक्यता, ‘प’, 0.01.

घाईचा माणूस प्रत्येक पंपाखाली ऑर गेट काढतो आणि दोन्हींत ‘वीज नाही’ असं वर्तुळ टाकतो. मग वर चढत जातो. ऑर गेटला बेरीज करायची (आकडे लहान असले की बेरीज चालते, एरवी दोन्ही एकदम घडण्याची शक्यता वजा करावी लागते) : पहिल्या फांदीत 0.05 अधिक 0.01, म्हणजे 0.06. दुसऱ्या फांदीत 0.1 अधिक 0.01, म्हणजे 0.11. वर अँड गेट, तिथे गुणाकार : 0.0066. दीडशे महिन्यांत एकदा. बारा वर्षं निवांत.

पण दोन्ही पंप एकाच पॅनेलवर आहेत. ती दोन वर्तुळं दिसायला दोन, घटना एकच. आता आकडे बाजूला ठेवून बूलच्या रीतीने मांडू :

(अ + प) × (ब + प) = अब + अप + पब + प

शेवटी ‘प × प’ यायला हवा होता, त्याचा ‘प’ झाला. आणि एकटा ‘प’ घडला की काम तमाम होत असेल, तर ‘अ आणि प’ वेगळं सांगायची गरज नाही. ‘प’ त्यांना पोटात घेतो. उरतं अब + प. म्हणजे पाणी बंद पडायला दोनच किमान वाटा आहेत. दोन्ही पंप जाणे ही एक, आणि एकटं पॅनेल जाणे ही दुसरी. या वाटांना मिनिमल कट सेट म्हणतात. आता आकडे घाला. 0.05 × 0.1 म्हणजे 0.005, त्यात 0.01 मिळवा : 0.015. पहिल्या उत्तराच्या दुपटीहून जास्त. साडेपाच वर्षांत एकदा.

चूक फक्त आकड्यात राहत नाही, पुढच्या निर्णयातही उतरते. मॅनेजर म्हणतो, स्टँडबाय पंप दर महिन्याला चालवून पाहा. त्याने ‘ब’ 0.1 वरून 0.017 वर येतो. पहिल्या हिशेबात धोका चौथाईवर येतो, शाबासकी मिळते. खऱ्या हिशेबात 0.015 चा जेमतेम 0.011 होतो, कारण भार पॅनेलवर आहे आणि पॅनेलला कुणी हातही लावलेला नाही.

कारखान्याच्या छोट्या झाडात हे डोळ्यांनी दिसतं. बोइंगमध्ये झाडं प्लॉटरच्या लांबलचक गुंडाळ्यांवर छापून निघू लागली तेव्हा दिसेनासं झालं. 1970 च्या सुमारास व्हेसली यांनी झाडाचा काळाबरोबर बदलणारा हिशेब बांधला, आणि 1972 मध्ये फसेल आणि व्हेसली यांनी वरून खाली उतरत कट सेट शोधायची रीत दिली. अँड गेट आला की नावं एका ओळीत लिहायची, ऑर आला की नवी ओळ पाडायची. शेवटी ओळीत तेच नाव दोनदा असेल तर एक खोडायचं, आणि छोटी ओळ जिच्या पोटात बसते ती मोठी ओळ काढून टाकायची. संगणकाला हे जमतं, पण एका अटीवर : एकाच घटनेला दोन्हीकडे एकच नाव दिलेलं हवं. एका फांदीत ‘पॅनेल ट्रिप’ आणि दुसरीत ‘वीज नाही’ लिहिलं, की बूल हतबल.

आणि काही नाती तर आकृतीत कुणी काढतच नाही. 22 मार्च 1975 रोजी अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबल भिंतीतून जातात तिथे हवा गळते का, हे मेणबत्ती धरून पाहत होते. तिथे भरलेल्या फोमने पेट घेतला आणि सोळाशेहून अधिक केबल जळल्या. एकमेकींना पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणांच्या तारा एकाच वाटेने गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अणुभट्ट्यांच्या धोक्याचा रासमुसेन यांचा मोठा अहवाल अंतिम रूपात आला. त्याचा कणाच फॉल्ट ट्रीचा होता, आणि पुढची कित्येक वर्षं टीकाकार त्याला जे विचारत राहिले त्यात हा एक प्रश्न होता : गुणाकार करण्याइतक्या या घटना एकमेकींपासून खरोखर सुट्या आहेत का? हासल आणि व्हेसली या दोघांचीही नावं असलेलं फॉल्ट ट्रीचं हँडबुक 1981 मध्ये निघालं.

घटना खरोखर सुट्या आहेत का, हा प्रश्न पीथमपूर ज्यात येतं त्या धार जिल्ह्याला परका नाही. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन घातक कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरला आणला गेला, आणि लोकांच्या विरोधानंतर कोर्टाच्या देखरेखीत जूनअखेरपर्यंत जाळला गेला. डिसेंबर 1984 च्या त्या रात्रीचं झाड काढायचं, तर वायू बाहेर पडण्याच्या चौकटीखाली भक्कम अँड गेट येतो : टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद, वायू धुणारा स्क्रबर निकामी, वायू जाळणारा फ्लेअर टॉवर निकामी. एकेकाला शंभरात एक असा आकडा दिला, तर गुणाकार दहा लाखांत एक येतो. प्रत्यक्षात शीतकरण जूनपासून बंद होतं, स्क्रबर स्टँडबायवर होता आणि फ्लेअरच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. ज्यांचे आकडे गुणले असते त्या तिन्ही गोष्टी आधीच घडून गेल्या होत्या, आणि त्या तिघींच्या खाली एकाच कारखान्याचं एकच कामकाज होतं.

म्हणून झाड टेबलावर पुरं होत नाही. अँड गेटखालच्या प्रत्येक जोडीसाठी चालत जाऊन पाहावं लागतं : फीडर कोणता, केबलचा ट्रे कोणता, पाणी कोणत्या सम्पमधून येतं, पॅकिंग कोणत्या लॉटचं, दोन्ही पंप एकाच दिवशी एकाच फिटरने उघडले होते का. भट्टीच्या उदाहरणात उपाय वेगळ्या पॅनेलचा आहे. ‘ब’ पंपाला स्वतःचं पॅनेल आणि स्वतःची केबल दिली, की ती दोन वर्तुळं खरंच दोन होतात, आणि मघाचा चुकलेला 0.0066 हाच बरोबर आकडा ठरतो. मग केबल धरून आणखी मागे जायचं. दोन्ही पॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर झाडात त्याचंही एक वर्तुळ येतं, आणि दोन्ही फांद्यांत त्याचं नाव एकच लिहायचं.