समभार रेषांची कुळकथा

यवतमाळच्या वेधशाळेतील वायुभारमापक श्रावणातल्या एखाद्या सकाळी ९५० मिलिबारच्या आसपास आकडा दाखवितो, आणि त्याच घटकेला मुंबईस, समुद्राच्या काठी, तो हजाराच्या घरात असतो. याचा अर्थ यवतमाळवर मोठे वादळ आले आहे असा मुळीच नव्हे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच पठारावर वसलेले आहे आणि तेवढ्या हवेचा थर त्याच्या पायाखाली राहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे कच्चे आकडे घेऊन जर कोणी सारख्या वायुभाराची ठिकाणे रेषेने जोडू लागला, तर त्याच्या हाती हवामानाचा नकाशा न येता डोंगर-पठारांचाच नकाशा येईल. समभार रेषेचा इतिहास म्हणजे बहुतांशी या एका अडचणीतून काढलेल्या वाटांचा इतिहास होय.

पहिली वाट ब्रेस्लाउचे प्राध्यापक हाइनरिश ब्रान्देस यांनी काढली. मानहाइमच्या हवामान-संस्थेने युरोपभर गोळा करविलेल्या १७८३ सालच्या नोंदी त्यांनी कित्येक वर्षांनंतर तपासल्या आणि १८२० साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्यक्ष वायुभार न घेता, त्या त्या ठिकाणच्या नेहमीच्या वायुभाराहून त्या दिवशीचा आकडा किती कमी-जास्त आहे, तो फरक घेतला. उंचीचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला, आणि कमी भाराचे क्षेत्र एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकताना दिसू लागले. दुसरी वाट पुढे रूढ झाली: उंची आणि हवेचे तापमान हिशेबात घेऊन प्रत्येक आकडा समुद्रसपाटीवर उतरविणे. यवतमाळच्या ९५० मध्ये या हिशेबाने सुमारे ५० मिळवावे लागतात, आणि मगच तो मुंबईच्या आकड्याशेजारी मांडण्यास योग्य ठरतो.

रेषेवरून वारा वाचण्याची किल्ली १८५७ साली उट्रेख्टच्या बाइस बालॉट यांनी दिली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे कमी भाराचे केंद्र डाव्या हाताला असते. हिंदुस्थानात या विद्येची निकड १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळाने आणि १८६६ च्या ओरिसातील दुष्काळाने पटविली; १८७५ मध्ये सरकारने हवामान खाते स्थापून हेन्री ब्लॅनफर्ड यांस त्याचे प्रमुख नेमले, आणि १८७८ पासून सिमल्याहून रोजचे हवामानपत्रक निघू लागले. १९२८ साली हे मुख्य दफ्तर पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या इमारतीस पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणतात.

आता जुलैतील एक नकाशा मनात आणावा. आपल्याकडे रेषा दोन-दोन मिलिबारच्या अंतराने काढतात. छत्तीसगडच्या उत्तर भागाभोवती ९९२ आणि ९९४ या दोन रेषा पूर्ण मिटलेली वर्तुळे करून बसल्या आहेत, म्हणजे हे खात्याच्या जुन्या परिभाषेतील डिप्रेशन झाले. एकच वर्तुळ असते तर नुसते कमी दाबाचे क्षेत्र म्हटले असते. ९९६ ची रेषा न मिटता यवतमाळवरून पश्चिमेकडे निघून जाते. केंद्र यवतमाळच्या ईशान्येस आहे. बाइस बालॉटच्या नियमाने वारा वायव्येकडून यावा. परंतु जमिनीच्या घर्षणामुळे तो रेषेला समांतर न राहता केंद्राकडे थोडा वळतो, म्हणून प्रत्यक्षात तो पश्चिम आणि वायव्य यांच्या दरम्यान मिळतो. रेषा दाटीने आल्या असतील तर तो जोराचा, विरळ असतील तर मंद. अशा डिप्रेशनचा मोठा पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो, आणि यवतमाळ नेमके तेथे सापडते. दोन दिवसांनी केंद्र माळव्याकडे सरकले की वारा फिरून दक्षिण-नैर्ऋत्येचा होतो, आणि तो तसा फिरला की जोराचा पाऊस पुढे गेला असे समजावे.

येथेच चूक होण्याचा संभवही मोठा. आपल्या प्रदेशात वायुभार रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास शिखर, दुपारी चारच्या सुमारास तळ, आणि या दोहोंत तीन-चार मिलिबारचा फरक. म्हणून साऱ्या नोंदी एकाच वेळी, सकाळी साडेआठला, घ्याव्या लागतात. कोणी उशिरा वाचलेला आकडा वेळेवरचा म्हणून पाठविला, तर त्याच्याभोवती रेषेला अकारण पोक येते. आजूबाजूच्या ठिकाणांचे वारे त्या पोकाशी जुळत नाहीत, यावरून अनुभवी नकाशाकार ते ओळखतो आणि रेषा सरळ करून घेतो.

आणि ब्रान्देसची वाटही बुजलेली नाही. उष्ण कटिबंधात रेषा इतक्या विरळ पडतात की नवे कमी दाबाचे क्षेत्र त्यांत लवकर उमटतच नाही. अशा वेळी आपले हवामानतज्ज्ञ नेहमीच्या वायुभाराहून पडलेल्या फरकाचा आणि गेल्या चोवीस तासांतील चढउताराचा, असे दोन नकाशे शेजारी मांडतात. वैशाखातली दुपारची वावटळ किंवा एखाद्याच शिवारावर कोसळणारी गार मात्र यांतील कोणत्याही नकाशात सापडत नाही, कारण त्यांचा घेर दोन वेधशाळांमधील अंतराहून फार लहान असतो.