ब्रीफच्या कागदाची कुळकथा

जाहिरात संस्थेत नव्याने आलेल्या इंटर्नच्या हाती लवकरच एक छापील नमुना पडतो. पार्श्वभूमी, उद्दिष्ट, कोणाशी बोलायचं, काय सांगायचं, ते पटावं कशामुळे, सूर, बजेट, तारीख. हे रकाने कुणी एका बैठकीत आखलेले नाहीत. ते वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या वादांतून एकेक करून आले. वाद माहीत असला की रकाना विचार करून भरलाय की नुसता भरलाय, हे ओळखता येतं. म्हणून इंटर्न जे प्रश्न विचारतात, त्यांच्याच वाटेने ही कथा सांगतो.

पार्श्वभूमीत कंपनीचा इतिहासच असतो. तो वाचायलाच हवा का?

इतिहास चाळलास तरी चालेल, अडचण मात्र शोध. 1931च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकलरॉय नावाच्या तरुणाने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम होतं आणि घरचाच आयव्हरी साबण कॅमेला झाकोळत होता. त्याची मागणी अशी की प्रत्येक ब्रँडला स्वतःचा जबाबदार माणूस असावा. त्या माणसाने करायची कामंही त्याने लिहिली: माल कुठे जास्त जातो आणि कुठे कमी, ते पाहायचं, जिथे कमी जातो तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि दुखणं शोधायचं.

पार्श्वभूमीचा रकाना या शिस्तीतला आहे. त्यात ‘स्पर्धा वाढली आहे’ एवढंच असेल तर कुणी कुठे गेलेलं नाही असं समज. कुठे, कोणाकडून, कशामुळे विक्री अडली, हे असेल तर पुढचं पान वाचण्याजोगं आहे.

आणि ‘काय सांगायचं’ यात एकच वाक्य का मागतात?

ते प्रामुख्याने रॉसर रीव्ह्जमुळे. न्यूयॉर्कच्या टेड बेट्स संस्थेतल्या या माणसाचं ‘रिॲलिटी इन ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक 1961 साली आलं. त्याचा आग्रह असा की जाहिरातीने एक ठोस फायदा देऊ करावा, तो फायदा प्रतिस्पर्ध्याकडे नसावा किंवा त्याने तसा दावा केलेला नसावा, आणि लाखो लोक हलतील इतका तो जोरकस असावा. यातली दुसरी अट इंटर्नच्या फार कामाची आहे. ब्रीफमधलं ते वाक्य घे, ब्रँडचं नाव खोड आणि तिथे प्रतिस्पर्ध्याचं नाव लिही. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ते वाक्य अजून कुणी लिहिलेलंच नाही.

पण रीव्ह्जचं लक्ष माल काय देतो यावर होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे, हा प्रश्न त्यातून निसटला. तो लावून धरला लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन संस्थेतल्या स्टीफन किंगने. (भयकथा लिहिणारा किंग वेगळा.) 1964 साली त्याने ‘टी-प्लॅन’ नावाची कामाची पद्धत आखली. जाहिरातीत काय घालायचं, याऐवजी ती पाहिल्यावर माणसाच्या काय लक्षात यावं, त्याला काय पटावं आणि काय वाटावं, हे आधी ठरवायचं. 1968 साली त्या संस्थेत यासाठी स्वतंत्र विभाग झाला. त्याच वर्षी स्टॅनली पॉलिट भागीदार असलेली नवी संस्था लंडनमध्ये उभी राहिली आणि तिथेही गिऱ्हाइकाची बाजू मांडणारा माणूस प्रत्येक कामावर बसू लागला. ‘सध्या काय वाटतं’ आणि ‘पुढे काय वाटावं’ हे दोन रकाने या घराण्यातले. माझ्या मते अख्ख्या कागदात यांच्याइतकं मोलाचं काही नाही. धारदार ब्रीफमध्ये या दोन उत्तरांमधलं अंतर स्पष्ट दिसतं. गुळमुळीत ब्रीफमध्ये दोन्हीकडे जवळपास तेच लिहिलेलं असतं.

पण ब्रीफमधली प्रत्येक गोष्ट खरी असेल, तर ते गुळमुळीत कसं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. कॅलिफोर्नियात 1993 साली दुधाचा खप बरीच वर्षं घसरत होता. तोवरच्या जाहिरातींचा सूर ‘दूध शरीराला चांगलं’ असा होता. विधान खरं, पण ते लोकांना आधीच मान्य होतं आणि तरीही ते दूध कमी पीत होते. म्हणजे ‘सध्या काय वाटतं’ आणि ‘पुढे काय वाटावं’ यांत अंतरच नव्हतं. खरं असूनही निरुपयोगी ठरलेल्या वाक्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दूध प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने सॅन फ्रान्सिस्कोच्या गुडबी संस्थेला काम दिलं. तिथे नियोजन पाहणारा जॉन स्टील किंग आणि पॉलिटच्या ब्रिटिश परंपरेतला होता. लोकांना गटचर्चेला बोलावण्याआधी आठवडाभर दूध न वापरायला सांगण्यात आलं. परत आल्यावर ते हाडांबद्दल बोलले नाहीत. वाडग्यात सीरियल ओतल्यावर, बिस्किट तोंडात घातल्यावर दूध नाही, याचा वैताग ते सांगत होते.

त्यातून ब्रीफचे तीन निर्णय झाले, आणि प्रत्येक निर्णयाने काहीतरी बाजूला सारलं. बोलायचं ते दूध पिणाऱ्यांशीच; न पिणाऱ्यांचा नाद सोडायचा. दूध एकटं दाखवायचं नाही, खाण्याच्या पदार्थासोबत दाखवायचं. आणि विषय दूध असण्याचा नाही, ऐन वेळी संपण्याचा. मग ‘गॉट मिल्क?’ या दोन शब्दांच्या मोहिमेला जमीन मिळाली. धावत्या मुलांची आणि पांढऱ्याशुभ्र दातांची कल्पना कुणी आणली असती, तर या ब्रीफकडे बोट दाखवून ती नाकारता आली असती. जुन्या ब्रीफवर तीच कल्पना बिनबोभाट मंजूर झाली असती. ब्रीफची धार इथे तपासायची: त्याच्या आधारे एखादी बरी कल्पना नाकारता येते का?

सराव कसा करायचा?

चांगल्या जाहिरातीवरून ब्रीफ उलटं काढ. मुंबईतल्या लिंटासने अलीक पदमसींच्या काळात केलेली सर्फची ललिताजी घे. समोर बराच स्वस्त निरमा होता. ‘जास्त पांढरं धुतं’ हे वाक्य निरमापुढे पुरेसं नव्हतं, कारण अडचण मळाची नव्हतीच, किमतीची होती. बाई मानत होती की महाग पावडर घेणं म्हणजे उधळपट्टी. पुढे वाटायला हवं की हिशेबी बाईच ती घेते. म्हणून पडद्यावर आली ती भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैचा हिशेब ठेवणारी गृहिणी. पात्र, वाद, सूर सगळं त्या एका अंतरातून निघतं.

माझ्याकडे आलेल्या ब्रीफमध्ये ‘18 ते 45 वयोगटातले दर्जाची जाण असलेले स्त्री-पुरुष’ आणि ‘ब्रँडची ओळख वाढवणे’ एवढंच आहे. आता?

कल्पना सुचवायला बसू नकोस. आधी क्लायंट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला दोन प्रश्न लिहून पाठव: यातला कोणता माणूस आज काय करतो आहे, जे त्याने बदलायला हवं? आणि तो ते आज का बदलत नाही? उत्तरं आली की एका परिच्छेदात ब्रीफ पुन्हा लिही आणि काम सुरू होण्याआधी क्लायंटची लेखी संमती मागवून घे. उत्तरं आली नाहीत, तर दुकानात जा. मॅकलरॉयने 1931 साली तेच लिहिलं होतं.

धारदार ब्रीफने विक्री वाढतेच का?

कॅलिफोर्नियातली घसरण त्या मोहिमेनंतर थांबली आणि खप थोडा वाढला. पण अमेरिकेत माणशी दूध पिण्याचं प्रमाण पुढेही कमीच होत गेलं. दुधासोबत खाणाऱ्या माणसाला फ्रीजमध्ये दूध आहे का ते बघायला लावणं, एवढंच त्या ब्रीफने मागितलं होतं. न्याहारीच न करणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.