रात्री दीडला गेलेली दुसरी प्रत

पुण्याजवळच्या एका मध्यम कारखान्यातला, मे २०२५ मधला शुक्रवार. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. हीच मांडणी अनेक ठिकाणी आहे.

दुपारी ४:०० (साडेनऊ तास बाकी)
रिपोर्टच्या सर्व्हरची डिस्क ९४ टक्के भरली. आयटीवाल्याने अकाउंट्सच्या साहेबांना विचारलं, "सर, जुने रिपोर्ट किती वर्षांचे ठेवायचे?" उत्तर आलं, "जीएसटीला सहा वर्षं लागतात. त्याआधीचं काढून टाका."

सगळी गफलत या उत्तरात आहे. ७२ महिने हा आकडा बरोबर, पण ते मोजायचे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून, फाइलच्या तारखेपासून नाही. २०१८-१९ची अंतिम तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती. म्हणजे एप्रिल २०१८चा साठ्याचा रिपोर्टसुद्धा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत हवा. शिवाय कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, ते वेगळंच. आणि २०१८-१९च्याच क्रेडिटवरून अपील चालू होतं. अपील निकाली निघून एक वर्ष होईपर्यंत त्या कागदांना हात लावता येत नाही, मग मूळ मुदत आधी संपली तरी. अपील चालू आहे हे अकाउंट्सला ठाऊक होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सायंकाळी ५:३० (आठ तास बाकी)
रात्रीच्या कामांत एक ओळ वाढली:

```
find /data/reports -type f -mtime +2190 -delete
```

`-delete`च्या जागी `-print` लिहून यादी पाहिली असती, तर दोन गोष्टी लगेच दिसल्या असत्या. एक, २०१८-१९ हे वर्ष संपूर्ण जाणार होतं. दोन, यादीत नुसत्या पीडीएफ नव्हत्या. त्याच फोल्डरमध्ये `approval_2018-19.log` होती: कोणता रिपोर्ट कुणी काढला, कुणी तपासला, दुरुस्ती कधी झाली. तिच्यात शेवटची नोंद एप्रिल २०१९ मध्ये पडली होती, म्हणून तीही जुनी ठरली. लेखापरीक्षणाचा माग रिपोर्टच्याच फोल्डरमध्ये आणि त्याच मुदतीवर ठेवला की दोन्ही एकदम जातात.

नियम लावलाच असेल, असं गृहीत धरणं मोठ्यांनाही महागात पडलंय. जेपी मॉर्गनच्या दलाली कंपनीत २०१९ मध्ये जुने ईमेल काढताना जपायचे ईमेल आपोआप वाचतील असा समज होता. एका डोमेनला ३६ महिन्यांची मुदत लावलीच गेली नव्हती. सुमारे ४ कोटी ७० लाख संदेश कायमचे गेले आणि २०२३ मध्ये ४० लाख डॉलरचा दंड झाला.

रात्री ११:०० (अडीच तास बाकी)
काम सुरू झालं, काही मिनिटांत संपलं. `find` काय काढलं ते सांगत नाही. डिस्क ६१ टक्क्यांवर आली, आणि कुणी पाहिलं असतं तर तेवढीच एक खूण होती. तरी अजून सगळं परत आणता आलं असतं, कारण शेजारच्या मशीनवर गुरुवार रात्रीची पूर्ण प्रत होती.

रात्री १:३०
```
rsync -a --delete /data/reports/ nas:/reports/
```

`--delete`चं काम मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही काढणं. आदेशाप्रमाणे ते झालं. अशी प्रत डिस्क बिघडली तर वाचवते. चुकून खोडलेलं वाचवत नाही, कारण खोडणंही तंतोतंत उतरवते.

सोमवार, सकाळी १०:२०
अपिलासाठी फेब्रुवारी २०१९चा साठ्याचा ताळमेळ मागितला गेला. फोल्डर रिकामं.

सकाळी ११:४५
ईआरपीतून तोच रिपोर्ट पुन्हा काढला. एकूण रक्कम जुळेना. मधल्या वर्षांत मालाचे कोड एकत्र केले होते, काही गट बदलले होते. रिपोर्ट जुने व्यवहार आजच्या मास्टरवर बसवून दाखवत होता. डेटा आहे म्हणजे रिपोर्ट पुन्हा निघेल, हा भरवसा इथे कोसळतो. मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. त्या दिवशी सही झालेला आकडा फक्त त्या दिवशीच्या फाइलमध्ये असतो.

दुपारी ३:००
लेखापरीक्षकांच्या जुन्या मेलमध्ये बाराही महिन्यांच्या पीडीएफ सापडल्या. मंजुरीची नोंद मात्र कुठेच नव्हती. आकडा मिळाला, तो कुणी तपासला याचा पुरावा गेला.

सायंकाळी ६:००
खोडण्याची ओळ बंद केली आणि तक्ता आखला. प्रत्येक वर्षापुढे मुदत कशापासून मोजायची ती तारीख, अपील असेल तर "थांबा", आणि खोडायला अकाउंट्सची सही. आधी फाइली वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या डिस्कवर न्यायच्या, `sha256sum`ने दोन्हीकडच्या प्रती जुळवायच्या, मगच मूळ काढायच्या. मंजुरीच्या नोंदी आणि काय खोडलं त्याची यादी वेगळ्या जागी, रिपोर्टपेक्षा जास्त काळ. पहिली ओळ २०१९-२०ची लिहिली. खोडण्याच्या त्या ओळीमुळे याही वर्षाच्या फाइली रोज रात्री एकेक दिवस करून जाऊ लागल्या होत्या. त्यांची जीएसटीची मुदत ३१ मार्च २०२७ ला संपते.