दहा सुत्तांची दावण

आमच्या गावच्या गोठ्यात एक लांब दोर जमिनीलगत ताणलेला असे. दोन टोकांना दोन खुंट्या, आणि त्या दोराला थोड्या थोड्या अंतरावर आखूड दावी. प्रत्येक दाव्याला एक जनावर. त्या मुख्य दोराला म्हणायचे दावण. संध्याकाळी गुरं परतली की आजोबा दावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती नजर फिरवत. गुरं मोजायची गरज पडत नसे. एखादं दावं रिकामं दिसलं की कोण आलं नाही ते लगेच कळे.

पुढे पाली शिकताना मज्झिम निकायाच्या पहिल्या वग्गाच्या शेवटी आलो आणि तिथे 'तस्सुद्दानं' हा शब्द भेटला. 'त्याचे उद्दान' असा त्याचा अर्थ. त्याखाली चार चरणांचा एक श्लोक होता. त्यात उपदेश नाही, कथा नाही. नुकत्याच संपलेल्या दहा सुत्तांची नावं तेवढी एकापुढे एक लावलेली. दहा सुत्तं म्हणजे छापील पानांची चांगली जाड चळत, आणि तिच्या टोकाला म्हणायला काही सेकंद लागतील एवढा श्लोक. मला त्या क्षणी गोठा आठवला. तेव्हा ती नुसती उपमा वाटली होती. कोश उघडल्यावर उपमेखाली खरंच एक दोर सापडला.

उद्दान शब्दाची फोड करताना पहिला मोह होतो तो 'उद् + दान' म्हणून 'देणे'कडे वळण्याचा. गुरूने शिष्याला वर उचलून दिलेलं सार, असा गोड अर्थही त्यातून निघतो. दुसरा मोह 'उदान'चा. उदान म्हणजे अंतःकरणातून सहज उमटलेला उद्गार. त्या नावाचा एक ग्रंथच खुद्दक निकायात आहे. एक 'द' जास्त पडला आणि उदानाचं उद्दान झालं, असं म्हणणं सोपं आहे. चिनी भाषांतरांत दोन्ही शब्दांसाठी एकच लिप्यंतर वापरलेलं आढळतं, त्यामुळे या गोंधळाला जुना आधारही मिळतो.

मला दोन्ही पटत नाहीत. संस्कृतात 'दा' हा देण्याचा धातू आहे तसाच बांधण्याचाही एक 'दा' आहे. त्यापासून 'दामन्' झाला, म्हणजे दोर. यशोदेने पोटाला दोर बांधला म्हणून कृष्ण दामोदर. दामन् वरून आपलं दावं आलं आणि 'दामनी' वरून दावण. याच धातूचं 'संदान' म्हणजे जनावराची दोरी. 'निदान' देखील ऋग्वेदात दाव्याच्या अर्थाने येतं. मूळ कारण, रोगाचं निदान हे अर्थ पुढचे. या भावंडांच्या रांगेत उद्दान अगदी आपल्या जागी उभं राहतं.

पण रांगेत शोभतं एवढ्याने भागत नाही, साक्षीदार हवा. तो 288व्या जातकात मिळतो. जातकाचं नाव मच्छुद्दान. त्यात एक जण अवघ्या सात माषांत जे मच्छुद्दान विकत घेतो, ते म्हणजे दोरीत ओवलेल्या माशांची माळ. इथे देण्याचा अर्थ बसत नाही, उद्गाराचा तर नाहीच. मासे एका दोरीत ओवायचे ते उद्दान, सुत्तं एका श्लोकात ओवायची तेही उद्दान. शिवाय तिबेटी भाषांतरकारांनी उद्दानासाठी 'दोम' हा शब्द योजला, आणि त्याचा अर्थ बांधणे, एकत्र आवळणे असाच आहे. मूळ शब्दात त्यांना दोरच ऐकू येत होता. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

आता ही गाठ मारली कशी, ते त्या पहिल्या वग्गातच पाहू. त्यातल्या सुत्तांची पूर्ण नावं लांबलचक आहेत: मूलपरियाय, सब्बासव, धम्मदायाद, भयभेरव, अनंगण अशी ती सतिपट्ठानापर्यंत जातात. श्लोक करणाऱ्याने प्रत्येक नावाचा पकडता येईल एवढाच तुकडा ठेवला. मूलपरियायातलं नुसतं मूल घेतलं. भयभेरवातलं भय गळालं, भेरव राहिलं. सतिपट्ठानाचं शेवटचं अक्षरच कापलं. सब्बासवाचं तर नावच न घेता 'सुसंवर' म्हटलं आहे, कारण त्या सुत्ताचा विषय आस्रवांचा संवर आहे. ज्याने सुत्त पाठ केलंय त्याला एवढं पुरतं. ज्याने केलं नाही त्याच्या हाती या श्लोकातून काहीच लागत नाही. उद्दानाची ही मर्यादा पक्की आहे: दावण गुरं धरून ठेवते, गुरं देत नाही.

त्याचा ताल बघा. शेवटचा चरण स्वच्छ दोधक वृत्तात आहे: भ, भ, भ आणि दोन गुरू. तोंडाने 'भास्कर भास्कर भास्कर गागा' म्हणून पाहा, हात आपोआप टाळीला जातो. पण या चरणात एकही सुत्त नाही. हा उत्तम वग्ग नीट पूर्ण झाला, एवढंच तो सांगतो. नावं आहेत ती आधीच्या तीन चरणांत, आणि तिथे ताल अडखळतो. पहिला चरण दोन भास्कर झोकात चालतो, तिसरा सुरू होतो आणि 'दायाद'मधला 'दा' आडवा येतो. लघू हवा तिथे गुरू. हे नाव कापता आलं नसावं. उद्दानांची वृत्तं सदोष असतात म्हणून अभ्यासक कुरकुरतात. मला वाटतं, हे काम एका कसलेल्या पाठकाचं आहे. नाव वाचवायचं की मात्रा, असा प्रश्न आला तेव्हा त्याने नाव वाचवलं. आणि कानाला धरून ठेवायला शेवटची ओळ निर्दोष ठेवली, म्हणजे म्हणणारा तिथे पोचेपर्यंत थांबत नाही. अडखळण्याच्या जागाही स्मरणाला मदतच करतात. जिथे जीभ ठेचकाळते ते नाव सहसा विसरत नाही.

हे सगळं गाऊन म्हणत का? इथे विनयपिटकातला एक प्रसंग मोलाचा आहे. काही भिक्षू धम्म लांबवलेल्या गीतस्वरात गाऊ लागले, तेव्हा लोक म्हणाले, आम्ही गातो तसेच हेही गातात. बुद्धांनी त्यातले पाच दोष सांगून ते थांबवलं. स्वतःच्या आवाजाची गोडी लागते, ऐकणाऱ्यालाही लागते, समाधी भंगते, असे ते दोष. पण त्याच ठिकाणी 'सरभञ्ञ' म्हणजे सस्वर पठणाला परवानगी दिली. ताना नकोत, पण सपाटही नको. सोण कुटिकण्ण या अवंतीहून आलेल्या तरुण भिक्षूने अट्ठकवग्गाची सोळा सुत्तं अशी सस्वर म्हटली आणि बुद्धांनी त्याची वाखाणणी केली, असं विनयात आणि उदानात आहे. उद्दान घडलं ते याच मर्यादेत, असं मी धरून चालतो: आपण अनुष्टुभ म्हणतो तशी दोन-तीन सुरांत फिरणारी चाल आणि चरणाच्या शेवटी ठरलेला उतार.

असं पठण ज्यांचा व्यवसायच होता त्यांना भाणक म्हणत. त्यांतला एक आपल्याला नावाने माहीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मी अक्षरांत दान कोरलेलं आहे: सोपाऱ्याचा सातिमित, धम्मुत्तरीय पंथाचा, भाणक. मी त्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिलो. धम्मुत्तरीयांचं पिटक आज उरलेलं नाही. त्यांचे वग्ग कसे होते, दावणीला कोणती सुत्तं कोणत्या क्रमाने बांधली होती, ते सातिमिताला पाठ होतं. नालासोपाऱ्याहून घाट चढून आलेल्या त्या माणसाने कार्ल्याच्या घुमणाऱ्या गजपृष्ठाकार छताखाली वग्ग संपवून उद्दान म्हटलं असेल, तेव्हा दहावं नाव येईपर्यंत ऐकणारे शिष्य बोटं मिटत गेले असतील.