उंदरात एक, बाईत दुसरेच : क्लोमिफीनची गोष्ट

बीजोत्सर्ग घडवून आणणारी जगातली पहिली गोळी ज्यांनी तयार केली, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरिणींना मात्र ती दिल्यावर गर्भ राहत नव्हता! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले. पण चूक नव्हती, आणि या विसंगतीचा उलगडा होताना शरीरातील संप्रेरकांचा कारभारही बराच समजतो.

अमेरिकेत सिनसिनाटी येथील मेरेल या औषध कंपनीत १९५० च्या दशकात काही संयुगांवर काम चालले होते. ही संयुगे रचनेने स्टेरॉइड नव्हती, तरी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या कामात अडथळा आणत. त्यांपैकी एमईआर-२५ नावाचे संयुग स्त्रियांना देऊन पाहिले गेले. बंद पडलेली पाळी काहींना आली, पण भ्रम होण्यासारखे त्रासही झाले आणि ते मागे पडले. फ्रँक पालोपोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बनवलेले त्याचे भावंड मात्र सौम्य निघाले. त्याचा सांकेतिक क्रमांक एमआरएल-४१, पुढचे नाव क्लोमिफीन. उंदरांवरील प्रयोगांत त्याने पीयूषिका ग्रंथीचे काम मंदावले आणि गर्भधारणा रोखली. तेव्हा हे संततिनियमनाचे औषध होईल अशी अपेक्षा धरणे अगदी स्वाभाविक होते.

जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी ते पाळी न येणाऱ्या किंवा बीजोत्सर्ग न होणाऱ्या स्त्रियांना दिले. १९६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य स्त्रियांत बीजोत्सर्ग झाला होता! १९६७ मध्ये अमेरिकेत हे औषध वंध्यत्वावरील उपचार म्हणून मान्य झाले.

असे का व्हावे? गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी चढले की गोळा वर येतो व नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ उघडतो. बीजांडकोषात वाढणारी पुटिका, म्हणजे स्त्रीबीज सांभाळणारी द्रवाने भरलेली इवलीशी पिशवी, इस्ट्रोजेन बनवते. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा भाग रक्तातील इस्ट्रोजेन ‘मोजत’ असतो. ते पुरेसे दिसले की तो पीयूषिकेला सबुरीने घ्यायला सांगतो आणि पुटिका वाढवणारे एफएसएच हे संप्रेरक कमी स्रवते. क्लोमिफीन नेमके या मोजणीच्या जागी, इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर, जाऊन बसते. कोणीतरी गोळा हाताने खाली दाबून धरावा तसे होते. टाकीत पाणी असूनही नळ वाहू लागतो, एफएसएच वाढते आणि एखादी पुटिका वाढीला लागते.

येथून पुढे टाकीची उपमा चालत नाही. गोळ्या पाच दिवसांत संपतात. वाढत्या पुटिकेतून इस्ट्रोजेन चढत जाते, आणि ते पुरेसे उंच व काही काळ टिकून राहिले की मेंदूचा प्रतिसादच उलटतो. पीयूषिकेतून एलएच या संप्रेरकाची लाट येते आणि पुटिका फुटून बीज बाहेर पडते. म्हणजे गोळी बीज बाहेर ढकलत नाही. ती फक्त सुरुवात करून देते. म्हणूनच बीजोत्सर्ग बहुधा शेवटच्या गोळीनंतर पाच ते दहा दिवसांनी होतो.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. पतीच्या वीर्याची तपासणी आधीच झाली आहे, गर्भनलिकाही मोकळ्या आहेत. डॉक्टर पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. एकविसाव्या दिवशी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासले तर ते कमी येते. औषध फसले? एवढ्यात तसे म्हणता येत नाही. प्रोजेस्टेरॉन वाढते ते बीजोत्सर्गानंतर, आणि साधारण सात दिवसांनी ते शिखरावर असते. या बाईंचा बीजोत्सर्ग अठराव्या दिवशी झाला असेल, तर एकविसावा दिवस फार लवकरचा. ‘एकविसावा दिवस’ हा अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठीचा हिशेब आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. सोनोग्राफीत पुटिका सुमारे २० मिलिमीटर झालेली व नंतर मावळलेली दिसली, तर शंका उरत नाही. खरोखरच काही घडले नसेल, तर पुढच्या वेळी मात्रा १०० मिलिग्रॅम करतात. बीजोत्सर्ग झाला पण गर्भ राहिला नाही, तर मात्रा वाढवण्यात अर्थ नसतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. क्लोमिफीनने बीजोत्सर्ग शंभरातील सत्तर-ऐंशी स्त्रियांत होतो, पण बाळ त्याहून पुष्कळच कमी जणींना होते. याची इतरही कारणे आहेत, पण एक खुद्द औषधात आहे. इस्ट्रोजेनचे ग्राही फक्त मेंदूत नसतात. गर्भाशयाचे अस्तर जाड करणे, गर्भाशयमुखाचा स्राव शुक्रजंतूंना अनुकूल करणे ही कामेही इस्ट्रोजेनचीच, आणि क्लोमिफीन काहींमध्ये तेथेही आडवे येते. शिवाय ते दोन घटकांचे मिश्रण असून त्यातला एक शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो. इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर काम करणाऱ्या याच औषधगटातील आपल्याकडची ‘सहेली’ ही गोळी, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संततिनियमनासाठीच वापरली जाते. उंदरिणींनी दिलेली साक्ष अगदीच खोटी नव्हती!

मग गोळा दाबण्याऐवजी टाकीतले पाणीच कमी केले तर? स्तनांच्या कर्करोगावरील लेट्रोझोल हे औषध इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. शिवाय ते थोड्या दिवसांत शरीराबाहेर जाते, ग्राही मोकळे राहतात. टोरांटोच्या मितवाली व कॅस्पर यांनी २००१ मध्ये बीजोत्सर्गासाठी त्याच्या वापराचा अनुभव प्रसिद्ध केला. भारतात २०११ मध्ये या उपयोगावर बंदी आली आणि काही वर्षांनी ती उठली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील तुलना प्रसिद्ध झाली. या सर्वजणींना अनेक पुटिकांच्या बीजांडकोषाचा विकार, म्हणजे पीसीओएस होता. पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोलने शंभरातील सुमारे अठ्ठावीस जणींना बाळ झाले, क्लोमिफीनने एकोणीस जणींना. त्यामुळे अशा स्त्रियांसाठी आज लेट्रोझोल पहिल्या पसंतीचे झाले आहे.

दोन्ही गोळ्यांनी कधी एकाहून अधिक पुटिका फुटतात. क्लोमिफीनच्या शंभर गर्भारपणांत सात-आठ जुळ्यांची असतात. क्लोमिफीन घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली, चमक दिसू लागली, तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते. सहा वेळा बीजोत्सर्ग होऊनही दिवस राहिले नाहीत, तर त्याच गोळ्या चालू ठेवण्याऐवजी दुसरा विचार करतात. आमच्या ओळखीत मात्र एकीने दोन वर्षे ही गोळी घेतली. पतीची तपासणी त्यानंतर झाली आणि दोष तेथे निघाला. त्या दोन वर्षांत बोल कोणाला लागले असतील, ते सांगायला नको.

आणि काहींना या गोळ्यांचा उपयोगच होत नाही. अतिशय कमी खाण्याने किंवा अति व्यायामाने पाळी गेली असेल, तर इस्ट्रोजेन मुळातच कमी असते. गोळा आधीच खाली आहे, वरून नळालाच पाणी नाही, तो दाबून काय होणार? तेथे आधी वजन वाढवावे लागते. याउलट बीजांडकोषातील बीजेच संपत आली असतील, तर एफएसएच आधीच भरमसाट वाढलेले असते, पण त्याला दाद द्यायला पुटिका उरलेल्या नसतात.