आधी मधला कप्पा

केंब्रिजच्या कीज कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या जॉन वेन यांनी १८८० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या वर्तुळांचा मोजणीशी संबंध नव्हता. आज नववीच्या ‘संच’ प्रकरणात आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वेन आकृती म्हटली की समोर येतात त्या मोजणीच्याच गोष्टी: इतक्या जणांना चहा आवडतो, इतक्यांना कॉफी, तर फक्त चहा किती जणांना आवडतो? वेन यांना मात्र असली मोजणी करायचीच नव्हती.

त्यांची अडचण वेगळी होती. वर्तुळांनी तर्क समजावण्याची रीत त्यांच्याआधी शंभर वर्षांहून जुनी होती. लेओनार्ड ऑयलर यांनी १७६० ते १७६२ या काळात एका जर्मन राजकन्येला शास्त्राविषयी पत्रे लिहिली, त्यात ही वर्तुळे येतात. ‘सर्व अ हे ब आहेत’ असे म्हणायचे असेल तर ऑयलर अ चे वर्तुळ ब च्या पोटात काढत. ही रीत इतकी रुळली होती की वेन यांनी तर्कशास्त्राची साठ पुस्तके चाळली, तेव्हा त्यांतल्या चौतीस पुस्तकांत आकृत्या सापडल्या आणि बहुतेक सगळ्या ऑयलर यांच्या वळणाच्या होत्या. पण या रीतीत चित्र काढण्याआधीच दोन गटांचे नाते पक्के ठाऊक असावे लागते. वर्तुळे एकमेकांना छेदतात की नाही हेच शोधायचे असेल, तर ती काढायची कशी?

वेन यांनी क्रम उलटवला. आधी वर्तुळे अशी काढायची की शक्य असलेला प्रत्येक कप्पा तयार होईल. तीन वर्तुळे असली तर बाहेरची जागा धरून आठ कप्पे होतात. मग जसजशी माहिती मिळेल तसतसे रिकामे ठरलेले कप्पे छायांकित करायचे. ‘सर्व अ हे ब आहेत’ याचा अर्थ इतकाच, की अ मध्ये असून ब मध्ये नसलेला कप्पा काळा करायचा. म्हणजे आकृतीला ‘आहे की नाही’ एवढेच विचारायचे होते. ‘किती आहेत’ हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. वेन स्वतः या वर्तुळांना ऑयलर यांचेच नाव देत. ‘वेन आकृती’ हे नाव रुळवण्यात तर्कशास्त्रज्ञ क्लॅरन्स लुइस यांच्या १९१८ सालच्या पुस्तकाचा वाटा आहे.

आकडे आले ते दुसऱ्या घराण्यातून. अठराव्या शतकाच्या आरंभी माँमोर आणि द म्वाव्र हे गणिती पत्त्यांच्या खेळातल्या शक्यता मोजत होते. तिथे त्यांना आधी सगळे मिळवायचे, मग दोनदा मोजलेले वजा करायचे, मग जास्त वजा झालेले परत मिळवायचे, असा हिशेब करावा लागला. पुढे ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४७ मध्ये तर्कशास्त्रातच संख्या आणली. निम्म्याहून जास्त ब हे अ असतील आणि निम्म्याहून जास्त ब हे क असतील, तर काही अ नक्कीच क असणार, असे अनुमान ते मांडत. ही दोन घराणी शाळेच्या फळ्यावर एकत्र आली ती बरीच उशिरा, १९५७ नंतर अमेरिकेत गणिताचा अभ्यासक्रम नव्याने मांडला गेला आणि संच लहान वर्गांपर्यंत पोचले तेव्हा.

या संगमात एक पेच दडलेला आहे, आणि ‘आधी मधला कप्पा भरा’ ही सूचना त्या पेचावरचा उतारा आहे. वेन यांचे कप्पे एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात. एक वस्तू एकाच कप्प्यात बसते. प्रश्नात दिलेले आकडे मात्र बहुधा एकमेकांवर पसरलेले असतात. एक उदाहरण घेऊ, ज्याचे उत्तर कुणीही मोजून ताडून पाहू शकेल.

१ ते १०० पर्यंतच्या संख्या घ्या. त्यांत २ ने भाग जाणाऱ्या ५० आहेत, ३ ने जाणाऱ्या ३३ आणि ५ ने जाणाऱ्या २०. २ आणि ३ या दोन्हींनी भाग जाणाऱ्या १६, २ आणि ५ ने १०, ३ आणि ५ ने ६. तिन्हींनी भाग जाणाऱ्या फक्त ३: तीस, साठ आणि नव्वद.

‘२ आणि ३ ने भाग जाणाऱ्या १६’ या आकड्यात तीस, साठ, नव्वदही आहेत. म्हणून आधी मध्यभागी ३ लिहायचे. मग २ आणि ३ च्या छेदात उरलेल्या पाकळीत १६ वजा ३, म्हणजे १३ येतात. तसेच पुढच्या दोन पाकळ्यांत ७ आणि ३ येतात. आता २ चे वर्तुळ घ्या. त्यात ३, १३ आणि ७ मिळून २३ आधीच बसले आहेत, म्हणून फक्त २ चा कप्पा २७ चा. त्याच रीतीने फक्त ३ चा १४ आणि फक्त ५ चा ७. सातही कप्प्यांची बेरीज ७४ होते आणि वर्तुळांबाहेर २६ उरतात. या २६ मध्ये १ आहे, ७ आहे, ११ आहे, ४९ आहे. हवे तर सगळ्या लिहून काढा.

घाईत पाकळ्यांत थेट १६, १० आणि ६ लिहिले तर? मग फक्त २ चे २१ उरतात, फक्त ३ चे ८ आणि फक्त ५ चा १. बेरीज ६५, बाहेर ३५. या चुकीचा धोका असा, की काहीच बिनसल्यासारखे दिसत नाही. कुठलाही कप्पा ऋण होत नाही आणि प्रत्येक वर्तुळाची बेरीजही बरोबर येते: ५०, ३३, २०. म्हणून ताळा वर्तुळांवर नव्हे, छेदांवर घ्यायचा. २ आणि ३ च्या छेदातले दोन्ही कप्पे मिळवले की १६ ऐवजी १९ येतात, आणि चूक उघडी पडते.

इथे भाषाही नीट वाचावी लागते. ‘फक्त २ आणि ३ ने’ असे प्रश्नात असते, तर तो आकडा पाकळीचाच झाला असता आणि वजाबाकी करावी लागली नसती. तसेच ‘किमान दोघांनी भाग जाणाऱ्या’ म्हटले की तीन पाकळ्या आणि मध्य मिळून २६. ‘नेमक्या दोघांनी’ म्हटले की २३.

मधलाच आकडा दिला नसेल तर तिथे क्ष लिहून तीच वाट धरायची. पाकळ्यांत १६ − क्ष, १० − क्ष आणि ६ − क्ष येतात. फक्त २ चा कप्पा २४ + क्ष होतो, फक्त ३ चा ११ + क्ष आणि फक्त ५ चा ४ + क्ष. सगळ्यांची बेरीज ७१ + क्ष. एकूण ७४ दिलेले असले तर क्ष ३ निघतो. एकूणही दिलेले नसले तर नेमके उत्तर मिळत नाही, पण मर्यादा मिळते: ६ − क्ष ऋण होता कामा नये, म्हणून क्ष ६ च्या पुढे जाऊ शकत नाही.

अशा मर्यादेचाच एक प्रश्न लुइस कॅरल यांनी १८८५ च्या ‘अ टँगल्ड टेल’ या पुस्तकात घातला. युद्धातून परतलेल्या वृद्ध सैनिकांपैकी ७० टक्क्यांनी डोळा गमावला आहे, ७५ टक्क्यांनी कान, ८० टक्क्यांनी हात, ८५ टक्क्यांनी पाय. तर चारही गमावलेले किमान किती? इथे एकही छेद दिलेला नाही. शंभर सैनिक धरले तर एकूण ३१० इजा होतात. प्रत्येकाला तीन-तीन वाटल्या तरी ३०० च संपतात. उरलेल्या दहा कुणाच्या तरी वाट्याला चौथी म्हणून येणारच, म्हणून किमान १० टक्के.

हा प्रश्न चार वर्तुळे काढून सोडवायला गेले तर कागदावरच अडते. चार गटांना सोळा कप्पे लागतात, आणि चार वर्तुळे कशीही सरकवली तरी चौदाच्या वर कप्पे होत नाहीत. वेन यांना हे ठाऊक होते. चार गटांसाठी त्यांनी वर्तुळे सोडून चार लंबवर्तुळे काढली. त्यांतही भरायला सुरुवात होते ती चारही एकत्र येतात त्या कप्प्यापासून, मग तीन-तीनचे चार कप्पे, मग दोन-दोनचे सहा, आणि एकेकट्यांचे सर्वांत शेवटी.